नवरीच्या भावाचा टोस्ट: मडगावच्या हॉलमधलं एक प्रकरण

नवरी कोल्हापूरची, हिंदू घरातली, आणि नवरा गोव्याचा, सासष्टीतला कॅथलिक. दोघांची ओळख पुण्यातल्या नोकरीतली. सिव्हिल रजिस्ट्रेशन आधीच झालेलं, चर्चमधल्या लग्नासाठी बिशपांकडून लागणारी परवानगीही मिळालेली, आणि संध्याकाळी मडगावजवळच्या एका हॉलमध्ये रिसेप्शन, साधारण साडेतीनशे माणसं, त्यात कोल्हापूरहून बसने आलेली पंचेचाळीस. नवऱ्याकडच्यांनी आपणहून ठरवलं की टोस्ट यावेळी नवरीच्या भावाने रेझ करायचा. त्यांच्याकडे हा मान बहुतेकदा एखाद्या काकाला, नाहीतर पाद्रीनला म्हणजे गॉडफादरला असतो, त्यामुळे हे आमंत्रण साधं नव्हतं, आणि नाही म्हणणं तर शक्यच नव्हतं.

भाऊ सव्वीस वर्षांचा, ताईपेक्षा चार वर्षांनी लहान, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवतो. गिऱ्हाइकाशी तासभर बोलेल, पण माइक हातात आला की घसा कोरडा. मी लग्नाकार्यांत सूत्रसंचालन करते, गोव्यातही बरीच रिसेप्शन्स केलीयत, म्हणून त्याचा फोन आला. पहिलं वाक्य होतं, "ओ ताई, टोस्ट म्हणजे नेमकं करायचं काय? भाषण करायचं आणि ग्लास वर करायचा एवढंच न्हवं?"

एवढंच, पण क्रम उलटा धरायचा. गोव्यातल्या रिसेप्शनला जोडपं हॉलमध्ये येतं, मार्च होतो, केक कापतात, मग एमसी म्हणजे तिथला सूत्रसंचालक टोस्ट रेझ करणाऱ्याला बोलावतो, आणि टोस्ट झाल्याशिवाय पहिला वॉल्ट्झ, म्हणजे जोडप्याचा पहिला नाच, सुरू होत नाही. म्हणजे बँड तयार बसलेला असतो, पाहुणे हातात ग्लास घेऊन उभे असतात, आणि सगळा हॉल तुमच्या शेवटच्या ओळीची वाट बघत असतो. आपल्याकडचं शुभेच्छांचं भाषण लोक बसून ऐकतात, मधेच जेवायलाही उठतात, त्यात दहा मिनिटं इकडेतिकडे चालून जातात. इथे उभ्या माणसाचा हात दुखायला लागतो. म्हणून मी त्याला सांगितलं, आधी शेवटची ओळ लिही, जिच्यावर साडेतीनशे हात एकदम वर जाणारायत ती, आणि मग मागे मागे येत बाकीचं लिही.

त्याने अर्थातच तसं केलं नाही, सुरुवातीपासूनच लिहिलं, आणि रात्री वॉट्सॅपवर वहीच्या चार पानांचे फोटो पाठवले. वाचून घड्याळ लावलं तर नऊ मिनिटं.

त्या चार पानांत काय काय होतं ते सांगते, कारण जवळजवळ प्रत्येक भाऊ हेच लिहितो. पहिल्या पानावर आभार, मामा, मावशी, आत्या, शेजारचे, बसचा ड्रायव्हर, एकवीस नावं. दुसऱ्या पानावर ताईच्या लहानपणीच्या गमती, त्यातल्या दोन भारी होत्या आणि एक ताईला हॉलमधून पळवून लावणारी. तिसऱ्या पानावर ताईला आधी आलेली स्थळं, कोणी पत्रिका जुळत नाही म्हणाला, कोणी उंची, आणि शेवटी "बरं झालं नाही जुळलं" असा विनोद. चौथ्या पानावर वडील. वडील जाऊन तीन वर्षं झालेली, आणि त्यांच्याबद्दल जे लिहिलं होतं ते वाचून मीच थोडा वेळ फोन खाली ठेवला. आणि लगेच त्याखाली, "तर चला, सगळ्यांनी ग्लास उचला."

आभारांची यादी पूर्ण काढली. एक तर रिसेप्शन नवऱ्याकडचे देत होते, म्हणजे हा यजमान नव्हे, पाहुणा. पाहुण्याने यजमानांचे आभार मानायचे, आपल्याच मामाचे नाहीत. आणि एकवीस नावं घेतली की बावीसावा माणूस रुसतो हे तर आपल्या प्रत्येक कार्यात ठरलेलं. स्थळांचा विनोद काढला तेव्हा तो जरा हिरमुसला, कारण घरात त्यावर सगळे हसतात. पण बघा ना, हॉलमधल्या तीनशे माणसांना तो विनोद कसा ऐकू येणार, की ही मुलगी पाचसहा ठिकाणी नाकारली आणि मग आमच्याकडे आली. घरातला जोक घराबाहेर नेला की त्याचा अर्थ बदलतो, आणि तो माइकवरून समजावून सांगता येत नाही.

धर्मावरची एक ओळ होती, तशी निरुपद्रवीच, "आता ताई दिवाळी पण करणार आणि नाताळ पण, दोन्हीकडचा फराळ आम्हाला." ती मी ठेवायला सांगितली, पण पोर्क आणि उपासावरचा जोक काढायला लावला. कारण साधंच, पहिल्या ओळीत दोन्हीकडच्यांना खायला मिळतं आणि दुसऱ्या ओळीत कोणीतरी कोणाच्या तरी ताटाकडे बघून नाक मुरडतं.

आता वडिलांचं. हे सगळ्यात अवघड होतं. काढून टाकायचा प्रश्नच नव्हता, ताईला चर्चमध्ये वडिलांच्या जागी मामा घेऊन गेले होते, सगळ्यांच्या डोक्यात ते होतंच. पण टोस्टमध्ये गेलेल्या माणसाचा उल्लेख ग्लास उचलायच्या अगदी आधी आला की काय होतं ते मी पाहिलंय. बोलणाऱ्याचा आवाज जातो, समोरच्या टेबलावर रुमाल निघतात, आणि "चीअर्स" असं ओरडायला कोणाचं तोंड उघडत नाही, लोक ओशाळून हळूच एकेक घोट घेतात. बँडवाला पण गोंधळतो, आता नाचाचं वाजवू की नको. म्हणून तो उल्लेख भाषणाच्या सुरुवातीच्या एक तृतीयांश भागात घ्यायचा, एकच वाक्य, त्यात वडिलांचा एखादा ठोस गुण किंवा सवय असावी, "त्यांची आठवण येते" असलं काही नको, आणि त्याच्या लगेच पुढे हलकी जागा ठेवायची म्हणजे बोलणाऱ्यालाही श्वास घेता येतो. मी विचारलं, पप्पा लग्नात काय करायचे? तो म्हणाला, "पंगतीत शेवटचा माणूस जेवल्याबिगर बसायचे न्हाईत." झालं, वाक्य मिळालं.

हलकी जागा कानपिळीने दिली. आपल्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि नवऱ्याने त्याला कपडे किंवा काहीतरी भेट द्यायची. लाजाहोमात बहिणीच्या हातावर लाह्या घालतो तोही भाऊच. ताईचं लग्न वैदिक पद्धतीने झालंच नव्हतं, त्यामुळे भावाच्या दोन्ही जागा गेल्या होत्या आणि त्याला ते मनातून लागलं होतं, फोनवर दोनदा बोलून गेला. मग म्हटलं, टोस्टमध्ये पीळ की. हॉलला समजावायला एक वाक्य पुरे, आणि नवऱ्याला आधी सांगून ठेव, म्हणजे तो दचकणार नाही आणि फोटोग्राफर पण तयार राहील.

भाषेचा प्रश्न वेगळाच. सासष्टीतल्या कॅथलिक घरांत कोंकणी आणि इंग्रजी चालते, मराठी कानावर असते पण भराभर बोललेली कोल्हापुरी डोक्यावरून जाते. इकडे आज्जीला मराठीशिवाय काही येत नाही. सगळं दोन्ही भाषांत बोललं तर वेळ दुप्पट. शेवटी असं ठरलं की नमस्कार आणि नवऱ्याकडच्यांचे आभार कोंकणीत, मधला भाग साध्या इंग्रजीत, आज्जी आणि ताईशी बोलायचं ते मराठीत आणि भाषांतर करायचं नाही, कारण आज्जीकडे वळून कोणी प्रेमाने बोलतंय हे न कळणारा माणूस त्या हॉलमध्ये नसणार. कोंकणी वाक्यं नवऱ्याच्या बहिणीने व्हॉइस नोटवर पाठवली, त्याने ती दुकानात ट्रॅक्टरच्या फिल्टरांच्या खोक्यांसमोर पाठ केली. शेवटची व्हिवाची ओळ सोडली तर दोनच वाक्यं घ्यायला लावली. तिसरं घेतलं की उच्चार घसरतो आणि लोक मजकूर सोडून उच्चारच ऐकत बसतात.

शेवटी कार्डावर जे राहिलं ते असं होतं, इंग्रजी भाग इथे मराठीत देते:

"फादर, ताई, भावजी, आणि दोन्ही घरची सगळी मंडळी, सगळ्यांक नमस्कार. तुमी आमकां मोगान आपयलें, देव बरें करूं.

मी नवरीचा धाकटा भाऊ. आज इथं आमचे पप्पा असते तर ते अजून बसले नसते, शेवटच्या टेबलावरचा माणूस जेवला का बघत फिरले असते. ते काम आज मामा करतायत, आणि मगाशी बघितलं तर भावजींचे वडील पण तेच करत होते, म्हणजे घर बरोबर मिळालंय.

आमच्याकडे लग्नात भावाला एकच अधिकार असतो, नवऱ्याचा कान पिळायचा. या लग्नात ती संधी राहून गेली, तर दोन मिनिटं घेतो. भावजी, कान.

हे झालं. आता खरं सांगतो, गरज नव्हती. मागच्या वर्षी आज्जीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ताईला सुट्टी मिळाली नाही, आणि भावजी पुण्याहून रात्रीच्या एसटीने आले आणि दवाखान्यात आज्जीच्या उशाशी बसले. तेव्हा लग्न ठरलं पण नव्हतं. आज्जी, तू मला त्या दिवशी काय म्हणालीस ते इथं सांगत नाही, पण तू म्हणालीस तसंच झालं.

भावजींच्या आई-बाबांना सांगायचंय, परवा तुम्ही ताईला नारळाचा रोस लावलात, त्याच्या आधी आम्ही हळद लावली होती. तिच्या नखांत अजून पिवळं दिसतंय, गाउनला लागलं असेल तर ते आमच्याकडून. आता ताई दिवाळी पण करणार आणि नाताळ पण, दोन्हीकडचा फराळ आम्हाला.

ताई, तुझी खोली मी घेतलेली नाही. कपाट घेतलंय.

सगळ्यांनी हातात जे असेल ते वर करा, वाइन, कोकम, पाणी, चालेल. या दोघांच्या सुखासाठी आणि आजपासून एक झालेल्या दोन घरांसाठी. व्हकलेक आनी न्हवऱ्याक, व्हिवा!"

हे वाचायला सवातीन मिनिटं लागतात, कानपिळीचा हशा धरून चार. आज्जीच्या ऑपरेशनचा किस्सा चार पानांत कुठेच नव्हता बरं का. तो मी विचारून काढला. नवऱ्याबद्दल तो "खूप चांगला मुलगा आहे, शांत आहे, समजूतदार आहे" असं लिहित होता, आणि असलं कोणत्याही नवऱ्याबद्दल लिहिता येतं, त्यातून कोणाला काही दिसत नाही. मी म्हटलं, शांत आहे हे तुला कधी कळलं तो दिवस सांग. तेव्हा एसटी आली. नवऱ्याच्या आईला हे माहीतच नव्हतं, पोराने घरी सांगितलं नव्हतं, आणि तिला ते सगळ्या हॉलसमोर पहिल्यांदा कळलं. दोन्ही घरांना एकत्र अभिवादन करायचं तर अशी एखादी गोष्ट लागते जी एका घराला माहितीये आणि दुसऱ्याला नाही. नुसतं "दोन्ही कुटुंबांना शुभेच्छा" म्हटलं की कोणाचंच तोंड कोणाकडे वळत नाही.

"आमची मुलगी तुमच्या पदरात घालतो" हे वाक्य त्याच्या मामांनी सुचवलं होतं, भावनेने, आणि मी ते नको म्हटलं. मामांना वाईट वाटलं असणार. पण तिशीतली, स्वतः कमावणारी मुलगी स्टेजवर उभी असताना तिला पदरात घालणं मला जमलं नाही, आणि ताईला विचारलं तर तीही नको म्हणाली.

आता ग्लासाची भानगड. हॉलमध्ये टोस्टला वाइन होती. भावाला मोठ्यांसमोर, काकांसमोर, ग्लास हातात घ्यायचा म्हणजे लाजेने मेल्यासारखं होणार होतं, हे त्याने अगदी शेवटी सांगितलं. कोल्हापूरच्या टेबलांवर सगळ्यांची हीच अडचण, हात वर करायचे पण त्यात काय आहे हा प्रश्न. केटररला सांगून त्या पाच टेबलांवर आणि भावाच्या हातात तशाच वाइनच्या ग्लासमधून कोकम सरबत दिलं. त्यात एक गंमत अशी की कोकम आणि रेड वाइन फोटोत सारखीच दिसते, त्यामुळे आधीच बसमध्ये घोषणा करावी लागली की आज्जीच्या हातात दिसेल ते कोकम आहे. तरी स्टेटस पडल्यावर इचलकरंजीहून फोन आलाच.

वाइन ओतायला लागणारा वेळ हा टोस्टमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे असं माझं मत. एका टोस्टला माणशी पन्नास-साठ मिली पुरतं, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीत बारा ते पंधरा माणसं, साडेतीनशेला पंचवीस-तीस बाटल्या. त्या उघडून टेबलोटेबली ओतायला आठ-दहा वेटरांना दहा मिनिटं तरी हवीत. केक कापायला घेतला की ओतायला सुरुवात झालेली असली पाहिजे. एमसीने नाव पुकारल्यावर सुरू केली तर बोलणारा पोचतो शेवटच्या ओळीला आणि मागची टेबलं रिकामे ग्लास घेऊन बघत बसतात.

आणि झालं तेच. केक लवकर उरकला, बँडने वाजवायला सुरुवात केली, एमसीने नाव घेतलं, आणि मागची सहा टेबलं कोरडी. भावाला मी एवढंच शिकवलं होतं की बोलायला तोंड उघडायच्या आधी शेवटच्या भिंतीकडे बघ. त्याने बघितलं, एमसीच्या कानात सांगितलं, आणि एमसी जुना माणूस, त्याने नवऱ्याकडच्या काकांवर दोन जोक टाकून तीन मिनिटं काढली. असं करता येतं, त्यात कमीपणा काही नाही. वाट न बघता बोलून टाकलं असतं तर मागच्या सहा टेबलांनी हवेत रिकामी बोटं वर केली असती.

माइकचं पण सांगते. उजव्या हातात माइक, हनुवटीखाली मूठभर अंतरावर, डाव्या हातात कार्ड, आणि ग्लास शेजारच्या टेबलावर, शेवटच्या परिच्छेदापर्यंत हातात घ्यायचाच नाही. दोन हातांत तीन वस्तू मावत नाहीत हे स्टेजवर गेल्यावरच लक्षात येतं. कान पिळायला हात कुठून आणायचा हा प्रश्न होताच, तिथे ताईने माइक धरायचा असं ठरलं होतं. पण तो कान पिळायला दोन पावलं पुढे गेला, ताई माइक घेऊन त्याच्यामागे, आणि थेट स्पीकरच्या तोंडासमोर. अशी शिट्टी वाजली की फादरांनी कान झाकले. नवरा कान पुढे करून उभा, फादर कान झाकून, आणि सगळा हॉल हसतोय. ठरवून केलं असतं तरी इतकं जमलं नसतं, पण पुढच्या कोणाला सांगायचं तर स्पीकरच्या रेषेच्या मागेच राहा, माइकचं तोंड स्पीकरकडे गेलं की शिट्टी येणारच.

वडिलांच्या वाक्यावर त्याचा आवाज थोडा गेला. थांबला, खाली कार्ड बघितलं, पुढचं वाक्य होतं मामांचं आणि व्याह्यांचं, ते म्हणताना नवऱ्याचे वडील खरंच मागच्या टेबलाजवळ उभे होते, हातात पाण्याचा जग. लोकांनी वळून बघितलं आणि टाळ्या वाजवल्या, त्यांना बिचाऱ्यांना कळेना कशासाठी. कपाटाच्या ओळीवर ताई रडली, जिथे आम्ही हशा धरला होता. ते आपल्या हातात नसतं.

"व्हिवा" मात्र जोरात झालं, तीनदा, बँडने पकडलं, आणि मग दोघांनी हातात हात अडकवून घोट घेतला. टोस्टला उत्तर म्हणून नवरा बोलला, इंग्रजीत, आणि शेवटी त्याने कोल्हापुरीत एक वाक्य टाकलं, ते छापण्यासारखं नाही पण पाच टेबलं उभी राहिली.

आठवड्याने कोल्हापूरला दुसरं रिसेप्शन होतं. भाऊ म्हणाला तेच कार्ड वापरतो. मी म्हटलं नको. तिकडे लोक रांगेने स्टेजवर येतात, पाकीट देतात, फोटो काढतात आणि थेट जेवायला जातात, एकाच वेळी सगळ्यांचं लक्ष असतं असा एक क्षणही त्या कार्यक्रमात नसतो, आणि उचलायला ग्लासही नाही. शेवटची ओळ तिथे कोणासाठी म्हणणार? म्हणून तिकडे त्याने स्टेजवर काहीच म्हटलं नाही. गोव्याहून आलेल्या बारा जणांची पंगत शेवटी बसली तेव्हा तिथे उभं राहून एसटीचा किस्सा आणि फराळाची ओळ, एवढंच, माइकशिवाय, वाढता वाढता सांगितलं. कान परत पिळला, यावेळी भावजींनी शर्टपीस आणलं होतं.